व्हेगन कस्टमर आणि कोल्हापूरचं जेवण: हॉटेल कसं निवडायचं, ऑर्डर कशी द्यायची

प्रश्न: आमचं शिरोलीला कास्टिंगचं युनिट आहे. डिसेंबरमध्ये जर्मनीहून कस्टमर येतोय, दोघं आहेत, त्यातला मेन माणूस व्हेगन आहे आणि तिखट चालत नाही असं मेलमध्ये कळवलंय. आमचे साहेब म्हणतात प्युअर व्हेज हॉटेलला न्या, विषय संपला. कुठं न्यावं आणि काय ऑर्डर करावं?

उत्तर:

प्युअर व्हेजला नेलं की विषय संपत नाही, तिथंच सुरू होतो. मी हॉटेल लाईनमध्ये वीस-बावीस वर्षं आहे, पहिली आठ किचनमध्ये काढली आणि नंतर पार्ट्यांची बुकिंग बघायला लागलो, एमआयडीसीतल्या कंपन्यांचे पाहुणे हे माझं जवळपास रोजचं काम आहे. त्या अनुभवावरनं सांगतो, व्हेगन माणसासाठी कोल्हापुरात सगळ्यात अवघड जागा म्हणजे चांगलं प्युअर व्हेज हॉटेल. मटण नाही म्हटल्यावर तिथला आचारी चव आणतो ती लोणी, मलाई, पनीर, काजू आणि तुपातनं. व्हेज म्हणजे दूधदुभतं चालतं हे आपण इतकं गृहीत धरलंय की पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा अर्थसुद्धा तेवढाच आहे, आत दूध पावडर असली तरी ठिपका हिरवाच. व्हेगनसाठी एफएसएसएआयचं वेगळं चिन्ह नियमात आलं ते २०२२ साली, आणि हॉटेलच्या किचनमध्ये ते चिन्ह बघून कोण माल भरतंय?

एका पार्टीत काय झालं ते सांगतो, हॉटेलचं नाव घेत नाही, मी तेव्हा तिथंच कामाला होतो. पाहुण्या बाई व्हेगन. कंपनीच्या माणसानं कॅप्टनला सांगितलं, "मॅडम व्हेगन आहेत, एकदम प्युअर." कॅप्टननं आत जाऊन सांगितलं, "मॅडम एकदम प्युअर व्हेज आहेत, स्पेशल करा." आता स्पेशल करा म्हटल्यावर आचाऱ्यानं प्रेमानं डाळीवर चमचाभर जास्तच साजूक तुपाची फोडणी ओतली. वाटी टेबलावर आली, वास आला, त्या बाईंनी चमचा अलगद खाली ठेवला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचा तासभर काकडी, टोमॅटो आणि पापडावर काढला. यजमानांना शेवटपर्यंत कळलं नाही, त्यांना वाटलं बाईंना भूकच कमी आहे. यात कुणाचीच नियत वाईट नव्हती. निरोप चुकीच्या शब्दात गेला एवढंच, आणि तो शब्द आजही तसाच चुकतो.

म्हणून 'व्हेगन' हा शब्द किचनला सांगायचाच नाही. वस्तूंची नावं घ्यायची: दूध, दही, ताक, लोणी म्हणजे बटरपण, तूप, मलाई म्हणजे क्रीमपण, पनीर, चीज, खवा, अंडं, मध, आणि मटण-चिकन-मासा यातलं काहीही, त्याचं स्टॉकसुद्धा नाही. हे मराठीत, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आचाऱ्याच्या हातात द्या, तो कागद भट्टीसमोर चिकटवतात. आचारी हे सगळं लगेच समजून घेतो, त्याला फक्त 'प्युअर' आणि 'स्पेशल' असले शब्द नकोत.

आता हॉटेल. नावं विचाराल तर मी देणार नाही, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलतं आणि मी आज सांगितलेलं डिसेंबरला खोटं ठरेल. कसं शोधायचं ते सांगतो. ताराबाई पार्क, राजारामपुरी, स्टेशन रोड आणि हायवेच्या बाजूची दोन-चार ठिकाणं काढा, सकाळी अकराच्या सुमारास प्रत्यक्ष जा, ती वेळ किचनची तयारीची असते आणि आचारी भेटतो. मॅनेजरला नाही, आचाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "आख्खा मसूर लोण्याशिवाय, वेगळ्या पातेल्यात, सुरुवातीपासून तेलात करून द्याल का?" जो म्हणेल "बटर टाकत नाही हो वरनं, टेन्शन घेऊ नका", तिथनं निघा. जो उलटा प्रश्न विचारेल की "ग्रेव्ही पण नको ना मग आमची?", तो तुमचा माणूस.

हा ग्रेव्हीचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त फसगत इथं होते. मोठ्या हॉटेलात प्रत्येक भाजी शून्यापासून होत नाही. सकाळी दोन-तीन ग्रेव्ह्या मोठ्या टोपात करून ठेवतात: काजू-मगजची पांढरी, त्यात बऱ्याचदा खवा किंवा दूध असतं, टोमॅटोची लाल, तिच्यात लोणी आणि क्रीम असतं, आणि कांदा-टोमॅटोची तपकिरी, ती साधारणपणे तेलातली. संध्याकाळी तुमची ऑर्डर गेली की या टोपांतनं दोन डाव घ्यायचे, भाजी टाकायची, वरनं लोणी-मलाई सोडायची. तुम्ही टेबलावर बसून "बटर नको" म्हणालात तर शेवटचं लोणी थांबतं, सकाळचं कसं थांबेल? त्यामुळं ऑर्डर आदल्या दिवशी द्यायची आणि ती या ग्रेव्ह्यांना हात न लावता होणाऱ्या पदार्थांची द्यायची.

इथं आपलं नशीब चांगलं आहे, कारण आपल्या घरचं जेवण निम्म्याहून जास्त आधीच व्हेगन आहे. कांदा-खोबऱ्याचं वाटण, शेंगदाण्याचं कूट, तीळ, तेल. भरली वांगी, आख्खा मसूर, मटकीची उसळ, झुणका, ज्वारीची भाकरी, खर्डा, यात दुधाचा थेंब नाही. म्हणून मी असल्या पाहुण्यांसाठी पंजाबी-चायनीजवालं मोठं मेनूकार्ड असलेलं हॉटेल टाळतो आणि घरगुती मराठी जेवण करणारं पण टेबल, लाईट, टॉयलेट व्यवस्थित असलेलं ठिकाण बघतो. दोन्ही एका जागी मिळणं अवघड असतं हे खरं. मग चांगल्या हॉटेलच्या आचाऱ्याकडनं मराठी पदार्थ सांगून करून घ्यायचे, ते जमतं.

एक ठिकाण मात्र पक्कं टाळा, थाळीवालं. तांबडा-पांढरा अनलिमिटेड असलेल्या ठिकाणी वाढपी रश्शाची भांडी घेऊन सतत फिरत असतो आणि वाटी रिकामी दिसली की विचारायच्या आत भरतो, ती आपली माया आहे. पण पांढरा रस्सा दिसायला नारळाच्या सूपसारखा, परदेशी माणसाला तो निर्धोक वाटणार, आणि त्याचा जीवच मटणाच्या अळणी पाण्यात आहे. दोन घोट पोटात गेल्यावर कळलं तर त्या माणसाचा विश्वास गेला म्हणून समजा.

मग आपण टेबलावर मटण खायचं का, हा प्रश्न तुमचे साहेब विचारणारच. माझं मत स्पष्ट आहे, त्या रात्री नाही. काही व्हेगन लोकांना शेजारी मांस असलेलं चालतं, काहींना नळी फोडण्याचा आवाजसुद्धा नकोसा होतो, आणि जर्मन माणूस सौजन्यापोटी "नो प्रॉब्लेम" म्हणेल त्यावरनं तुम्हाला खरं कळणार नाही. सगळ्यांना एकच ताट असलं की वाढताना घोटाळापण होत नाही, कुठला चमचा कुठं गेला बघत बसावं लागत नाही. दुसऱ्या पाहुण्याला तांबडा-पांढरा खायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी वेगळं न्या.

आता तिखट. यात एक अडचण आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडं पाहुण्याला तिखट लागलं की आपण काय देतो? दही, ताक, दूध. मिरचीची आग ज्या घटकामुळं होते तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन काही होत नाही, आणि दुधातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून जिभेवरनं काढून नेतं. पण तुमच्या पाहुण्याला हा इलाजच बंद आहे! नारळाच्या दुधात केसीन नाही, त्यातल्या स्निग्धामुळं थोडा आराम पडतो, भात आणि गुळानंही पडतो, पण दह्याइतका नाही. म्हणजे व्हेगन पाहुण्याच्या बाबतीत तिखट नंतर आवरता येत नाही, आधीच टाळावं लागतं.

आणि "कमी तिखट करा" असं कोल्हापुरात सांगून उपयोग नाही. आमचा आचारी कमी म्हणजे त्याच्या रोजच्यापेक्षा कमी करणार, ते पुण्याच्या माणसालाही घाम फोडतं. त्याला असं सांगा: कांदा-लसूण चटणी पातेल्यात घालायचीच नाही, हिरवी मिरची वाटणात नाही, गरम मसाला आणि मिरी अर्धी, रंगासाठी थोडी ब्याडगी चालेल. चटणी आणि खर्डा वेगळ्या वाटीत टेबलावर ठेवायचा, आपली माणसं आपापल्या ताटात कालवून घेतील. पाहुण्याला खर्डा चाखायचा असेल तर भाकरीच्या तुकड्याला नखाएवढा लावून द्या, शेंगदाण्याच्या कुटात मिसळून. तिखट घासागणिक साठत जातं, पहिल्या घासाला "गुड, गुड" म्हणणारा पाचव्या घासाला लाल होतो, त्यामुळं पहिल्या शाबासकीवर विश्वास ठेवून अजून वाढू नका.

गेल्या हिवाळ्यात अगदी असाच एक ग्रुप केला, दोन पाहुणे आणि यजमान कंपनीचे चार, त्याची गोष्ट सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

आठ दिवस आधी कंपनीच्या माणसाकडनं पाहुण्याला मेल पाठवायला लावला, त्यात तीन गोष्टी विचारल्या. मध चालतो का, ज्या किचनमध्ये मांस शिजतं तिथलं चालेल का, आणि कशाची ॲलर्जी आहे का, खास करून शेंगदाणा, काजू, तीळ, नारळ किंवा गहू. तिसरा प्रश्न लाजून सोडू नका. आवडनिवड चुकली तर मन दुखतं, ॲलर्जी चुकली तर दवाखाना. शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली असती तर मी मराठी जेवणाचा बेतच रद्द केला असता, कारण आपल्याकडं कूट कशाकशात असतं ते आचाऱ्यालाही आठवत नाही. आणि गहू वर्ज्य निघाला असता तर साधा हिंगसुद्धा तपासावा लागला असता, बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, आणि भाकरीचं पीठ ज्या गिरणीतनं येतं तिथं आधी गहू दळलेला असतो. आमच्या पाहुण्याला सुदैवानं ॲलर्जी नव्हती, मध मात्र नको होता.

दोन दिवस आधी मी संध्याकाळी त्याच वेळेला जाऊन तेच जेवण स्वतः जेवलो. हे करायलाच पाहिजे. त्यात दोन चुका सापडल्या. एक, भाकरी तेलाचा हात न लावता सुंदर भाजून आली पण वाढायच्या आधी पोराने सवयीनं वर लोण्याचा गोळा ठेवला. दुसरी चूक मला स्वतःला धक्का देणारी होती. सोलकढी मागवली, कोकम आणि नारळाचं दूध म्हणजे बिनधोक, पण चव जरा वेगळी लागली म्हणून आत जाऊन बघितलं तर ओला नारळ नव्हताच, नारळाच्या दुधाची पावडर वापरली होती आणि पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात सोडियम केसिनेट लिहिलेलं, म्हणजे दुधातलंच प्रथिन. तेव्हापासून मी पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय पावडर वापरू देत नाही. दोन नारळ जास्त फोडायला लावले, प्रश्न मिटला. काही ठिकाणी सोलकढीला घट्टपणा यावा म्हणून दही घालतात, तेही विचारा.

तूप आहे की तेल हे चाखून ओळखता येत नाही तेव्हा एक साधी खूण आहे, डिसेंबरच्या गारव्यात ती बऱ्याचदा चालते. स्टीलच्या वाटीत थोडी डाळ किंवा भाजी घेऊन पूर्ण गार होईपर्यंत तशीच ठेवा. तूप किंवा लोणी असेल तर वाटीच्या कडेला पांढुरकी रवाळ कड धरते, साध्या तेलाचा तवंग तसाच पातळ राहतो. वनस्पती तूपही असंच थिजतं आणि ते दुधाचं नसतं, पण कड दिसली की विचारायचं, अंदाज करायचा नाही.

जेवणाची वेळ साडेसातची ठेवली. थंडीत जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, म्हणजे नुकत्याच आलेल्या पाहुण्याच्या पोटाला ते दुपारचे तीनच वाटतात, त्याला फार भूक नसते. शिवाय साडेसातला हॉटेल शांत असतं, आठनंतर गर्दी सुरू झाली की किचन ओढीत येतं आणि तुमचा कागद भिंतीवर राहतो. बुधवार, शुक्रवार, रविवार मी टाळले, खाणाऱ्यांचे वार, त्या दिवशी तव्यावर लक्ष द्यायला कुणाला फुरसत नसते.

सुरुवातीला कोकम सरबत, बर्फ न घालता, आणि बरोबर कोथिंबीर वडी, वेगळ्या तेलात तळलेली. भाजलेले शेंगदाणे होते, पाहुण्यानं तेच जास्त खाल्ले. त्यानं बिअर घेतली. ड्रिंक्सचं थोडं सांगतो, सगळ्या वाईन व्हेगन नसतात, काही वाईन गाळायला अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासनं काढलेला पदार्थ वापरतात, म्हणून बाटली त्यालाच निवडू द्या. आणि तारीख ठरवायच्या आधी ड्राय डे बघून घ्या, मतदानाच्या आधीचे दिवसपण त्यात येतात.

मुख्य जेवणात भरली वांगी, आख्खा मसूर, मटकीची कोरडी उसळ, भाकरी, आणि आजरा घनसाळ तांदळाचा साधा भात. घनसाळ मुद्दाम घेतला, त्याला २०१६ साली जीआय मिळालाय, बारीक दाणा आणि शिजताना सुटणारा वास, आणि भात काहीही न घालता नुसता खावासा वाटतो, त्यामुळं वर तूप नाही याची उणीव जाणवत नाही. जिरा राईस किंवा पुलाव मागवू नका, तो बटरमध्ये परततात. मसुरानं पोट भरतं, हे महत्त्वाचं आहे, कारण व्हेगन पाहुण्याला आपण बऱ्याचदा सॅलड आणि फळं देऊन उपाशी उठवतो. भाकरी कशी मोडायची ते आमच्या फाउंड्रीवाल्या साहेबांनी स्वतः दाखवलं, पाहुण्यानं वांग्याचा देठ धरून विचारलं हे खायचं का, सगळे हसले, आणि तिथनं पुढं गप्पा मोकळ्या झाल्या. ताटाशेजारी काटा-चमचा ठेवलेलाच होता, हातानं खा म्हणून आग्रह केला नाही.

गोडाला आपल्याकडं पंचाईत होते, कारण बासुंदी, पेढा, श्रीखंड, सगळं दुधाचं, पुरणपोळीवर तुपाची धार. आम्ही गुळाचा नारळीभात केला, तुपाऐवजी खोबरेल तेलाच्या दोन चमच्यांत लवंग परतून, दूध नारळाचंच. शेवटी गवती चहा, बिनदुधाचा, बाजूला गुळाचा खडा. चहाच्या वेळी पाहुण्यानं गुळाबद्दल विचारलं, मग गुऱ्हाळात रस उकळताना मळी वर काढायला भेंडीचं चिकट पाणी घालतात इथपर्यंत विषय गेला, त्या माणसाचं सगळं काम वितळलेल्या धातूवरचा मळ काढण्यात, त्याला ते ऐकून फारच रस वाटला. विडा देणार असाल तर वर्ख लावू नका, परदेशी व्हेगन लोकांना जनावराच्या आतड्यात कुटलेल्या जुन्या वर्खाबद्दल माहिती असते, नियमानं ती पद्धत बंद झाली असली तरी समजावत बसण्यापेक्षा नसलेला बरा.

बिल टेबलावर येऊ देऊ नका, आधीच कार्ड देऊन ठेवा. पण पाहुणा म्हणाला की माझा वाटा मी देतो, तर दोनदाच आग्रह करा. काही कंपन्यांत सप्लायरकडनं किती रकमेचं जेवण घ्यायचं याला मर्यादा असते आणि ओढाताण केली तर तो अडचणीत येतो. ते आधी मेलमध्येच विचारता आलं तर उत्तम.

राहिली भेटवस्तू. साहेब कोल्हापुरी चप्पल म्हणतील, तिथं त्यांना थांबवा, ती चामड्याची असते आणि बरेच व्हेगन लोक चामडं वापरत नाहीत. वाडीचे पेढेही नकोत, तो खाणार नाहीच, आणि भारतातनं दुधाचे पदार्थ सामानातनं युरोपात न्यायला तसंही बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आम्ही सीलबंद पाकिटातला एक किलो गूळ दिला, त्यावर घटक इंग्रजीत छापलेले होते, ते त्यानं तिथंच उभं राहून वाचले आणि बॅगेत ठेवला.